साडेतीनला तासकाटा कुठे असतो?

शेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी पाचवीला गणित शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. टेबलावर पुठ्ठ्याचं घड्याळ उभं केलं होतं. मीच केलेलं. खोक्याचा पुठ्ठा, ताटली पालथी ठेवून आखलेलं वर्तुळ, मधोमध टोचलेली पिन आणि तिच्यावर फिरणारे दोन काटे. तासकाटा तीनवर होता, मिनिटकाटा मी बोटाने सहावर नेला आणि विचारलं, किती वाजले? "साडेतीन," सगळा वर्ग एका सुरात ओरडला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मात्र हात वर केला. "सर, तुमी साडेतीन म्हंता, अन् काटा तीनवरच काहून ठेवता?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यात तेव्हा साडेअकरा वाजायला आले होते आणि तासकाटा अकरा आणि बाराच्या बरोबर मधे होता. माझ्या पुठ्ठ्याच्या घड्याळात तो काटा कधीच मधे नव्हता, कारण मी त्याला हलवतच नव्हतो. कितीतरी वर्षं मी मुलांना एक असं घड्याळ दाखवत आलो होतो, जे जगात कुठेही चालत नाही.

आमच्या भागातल्या काही तरुण शिक्षकांनी घड्याळाच्या काट्यांमधल्या कोनावर ही पुस्तिका तयार केली आणि प्रस्तावना लिहायला मला सांगितलं, तेव्हा मला ती मुलगी आठवली. पुस्तिकेतली सगळी उदाहरणं तिच्या त्या एका प्रश्नाभोवती फिरतात. अमुक वाजता दोन काट्यांमध्ये किती अंशांचा कोन होतो, हा प्रश्न शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीत येतो, पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत येतो, स्पर्धा परीक्षांच्या कोणत्याही सरावसंचात सापडतो. तो चुकतो तो गुणाकार येत नाही म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा तासकाटा जागचा हलत नाही असं मनात धरल्यामुळे तो चुकतो, आणि ते मनात धरायला शिकवलेलं असतं माझ्यासारख्यांनी, पुठ्ठ्याच्या घड्याळाने.

सव्वातीनचंच बघा. मिनिटकाटा तीनवर, तासकाटाही तीनवर, म्हणून कोन शून्य अंश, असं उत्तर मुलं झटकन देतात. पर्यायांमध्ये शून्य अंश हा पर्याय हमखास असतोच. पेपर काढणाऱ्यालाही मुलं कुठे घसरतात ते ठाऊक असतं. भिंतीवरचं घड्याळ सव्वातीनला नीट पाहिलं, तर दोन काटे एकमेकांवर नसतात. तासकाटा तीनच्या जरासा पुढे सरकलेला असतो आणि त्या दोघांत बारीकशी फट दिसते. ती फट किती, एवढाच हा हिशेब आहे.

आणि गंमत अशी की तो हिशेब आपल्या बोलण्यात आधीच करून ठेवलेला आहे. 'तीन वाजून तीस मिनिटं' म्हटलं की दोन वेगळे आकडे येतात, एक तासाचा आणि एक मिनिटांचा, आणि तासाचा आकडा तीनवर थांबल्यासारखा वाटतो. 'साडेतीन' म्हटलं की आकडा एकच. तो तीनही नाही आणि चारही नाही, मधला आहे. तासकाटा तबकडीवर नेमका त्याच आकड्यावर असतो. सव्वातीन म्हणजे तीन आणि पाव, तर काटा तीनच्या पुढे पाव घर. पावणेदहा म्हणजे दहाला पाव कमी, तर काटा दहाच्या अलीकडे पाव घर. दीड, अडीच यांना तर जुन्या माणसांनी स्वतंत्र शब्दच दिले. मराठीत वेळ सांगणं म्हणजे तासकाट्याची जागा सांगणं आहे. त्या मुलीला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. तिला मराठी येत होतं, तेवढं पुरलं.

आता त्या जागेचे अंश करायचे. तबकडीची पूर्ण फेरी ३६० अंशांची, तिच्यावर बारा घरं, म्हणजे एकेक घर ३० अंशांचं. बारा या आकड्यापासून मोजायला सुरुवात केली, तर तासकाटा जितके वाजले त्याच्या तीसपट अंशांवर असतो. साडेतीनला ३० गुणिले साडेतीन, १०५ अंश. जुन्या शाळेत औटकी पाठ असायची, औट म्हणजे साडेतीन. त्या पिढीतल्या माणसाला हे १०५ बोटंही न मोजता सांगता आले असते. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी हे सगळे पाढे आता गेले. ते परत आणा असं मी म्हणणार नाही, पण काट्यांच्या हिशेबात त्यांची उणीव जाणवते खरी. मिनिटकाटा साडेतीनला सहावर, म्हणजे १८० अंशांवर. १८० वजा १०५, उरले ७५. साडेतीनला दोन काट्यांत ७५ अंशांचा कोन असतो. माझ्या पुठ्ठ्याच्या घड्याळात तो ९० अंशांचा होता, आणि मी वर्गाला त्याला काटकोन म्हणायला लावलं असतं.

सव्वातीनला तासकाटा ३० गुणिले सव्वातीन, साडेसत्त्याण्णव अंशांवर आणि मिनिटकाटा ९० वर. फट साडेसात अंशांची. पावणेदहाला तासकाटा साडेबाण्णव अधिक दोनशे, म्हणजे २९२.५ वर, मिनिटकाटा नऊवर म्हणजे २७० वर, कोन साडेबावीस अंश. साडेबाराला मुलं १८० सांगतात, खरा कोन १६५. साडेसहाला शून्य सांगतात, खरा १५.

पाव आणि अर्ध्या घरांपुरती मराठी शब्दांनी सोय केली, पण घड्याळ पावापावाने उड्या मारत नाही. तीन वाजून चाळीस मिनिटांना एका शब्दात काही म्हणता येत नाही. तिथे मिनिटागणिक किती अंश, हे काढावं लागतं, आणि पुस्तिकेचा गाभा तोच आहे. मिनिटकाटा ६० मिनिटांत ३६० अंश फिरतो, म्हणजे एका मिनिटात ६ अंश. तासकाटा ६० मिनिटांत एकच घर, ३० अंश पुढे जातो, म्हणजे एका मिनिटात अर्धा अंश. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही, म्हणूनच तासकाटा थांबलेला वाटतो. शिष्यवृत्तीच्या एका पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. हा एक प्रश्न सोडवेपर्यंत मिनिटकाटा सात अंशांहून थोडा पुढे गेलेला असतो आणि तासकाटा अर्ध्या अंशाहून किंचित जास्त.

हा अर्धा अंश येतो कुठून, तेही मुलांना दाखवावं असं मला वाटतं. जुनं बिघडलेलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं की तबकडीच्या मागे दिसतं. मिनिटकाट्याच्या दांडीवर एक लहान दातेरी चाक असतं, ते शेजारच्या मोठ्या चाकाला फिरवतं, त्या मोठ्या चाकाला जोडलेलं दुसरं लहान चाक पुन्हा तासकाट्याच्या चाकाला फिरवतं. या दोन टप्प्यांत वेग मिळून बारापट कमी होतो, सहसा एका टप्प्यात तीनपट आणि दुसऱ्यात चारपट. मिनिटकाट्याच्या बारा फेऱ्या झाल्या की तासकाट्याची एक. चाकं एकमेकांत अडकलेली असल्याने मिनिटकाटा केसभर हलला तरी तासकाट्याला त्याचा बारावा हिस्सा हलावंच लागतं. चावीने वेळ लावतानाही हे दिसतं, आपण मिनिटकाटा फिरवतो आणि तासकाटा निमूटपणे मागून येतो. माझ्या पिनेवर अशी चाकं नव्हती. सगळी गडबड तिथली.

आता तीन चाळीस. ठोका तीनचा पडला तेव्हा तासकाटा ९० अंशांवर होता. त्यानंतर चाळीस मिनिटांत तो वीस अंश सरकला, म्हणून ११०. मिनिटकाटा चाळीस गुणिले सहा, २४० वर. फरक १३०. इतकं सरळ आहे, आणि सुरुवातीला प्रत्येक मुलाने हे असंच, दोन्ही काट्यांच्या जागा वेगवेगळ्या काढून करावं. पुस्तिकेच्या लेखकांनी पहिली काही पानं याच रीतीला दिली आहेत. मला ते पटलं. सूत्र आधी दिलं की मुलं सूत्र लक्षात ठेवतात आणि काटा विसरतात.

सूत्र त्यानंतर येतं ते पाठलागातून. मिनिटकाटा मिनिटाला सहा अंश धावतो, तासकाटा त्याच दिशेने अर्धा अंश. दोघांमधलं अंतर मिनिटाला साडेपाच अंशांनी बदलतं. तीनच्या ठोक्याला तासकाटा ९० अंश पुढे असतो. दर मिनिटाला त्यातले साडेपाच अंश भरून निघतात. चाळीस मिनिटांत २२० अंश भरले, म्हणजे ९० भरून मिनिटकाटा १३० अंश पुढे निघून गेला. उत्तर तेच. हे एका ओळीत लिहिलं की झालं:

३० × तास − ५.५ × मिनिटं

उत्तर ऋण आलं तर चिन्ह सोडून द्यायचं. ऋण येणं ही चूक नसते, मिनिटकाटा पुढे गेला एवढाच त्याचा अर्थ. उत्तर १८० च्या वर गेलं तर ते ३६० मधून वजा करायचं, कारण दोन काट्यांत नेहमी दोन कोन होतात, एक आतला आणि एक बाहेरचा, आणि प्रश्नात वेगळं सांगितलं नसेल तर लहान विचारलेला असतो. आठ वाजून दहा मिनिटांना २४० वजा ५५, म्हणजे १८५. हा प्रविशाल कोन झाला. पलीकडचा १७५, तेच उत्तर. इथे मुलं १८५ वर टिक करून पुढे जातात. तो पर्यायही तिथे असतोच.

बाराचं काय, असं कोणीतरी विचारतंच. बारा वाजून पस्तीसला तास शून्य धरायचा की बारा? काहीही धरा. शून्य धरला तर साडेपाच गुणिले पस्तीस, १९२.५ येतात, ते ३६० मधून वजा केले की १६७.५. बारा धरला तर ३६० मधूनच १९२.५ वजा होतात आणि सरळ १६७.५ हाती येतात. रेल्वेच्या वेळेचंही तसंच. शेगाव स्टेशनवरच्या फलकावर १५:४० लिहिलेलं असलं तर तीन चाळीसच समजायचे. पण कोणी १५ धरूनच हिशेब केला, ४५० वजा २२०, २३०, आणि ते ३६० मधून वजा केले तरी १३० च येणार. वर्तुळावर फेरी पूर्ण केलेला माणूस निघाला तिथेच परत येतो.

चुकलेलं उत्तर ओळखायचा एक ताळा मला या पुस्तिकेत वाचून आनंद झाला, कारण तो वर्गात मी कधी सांगितला नव्हता. साडेपाचाला सम संख्येने गुणलं की पूर्णांक येतो, विषम संख्येने गुणलं की मागे अर्धा राहतो. तीसच्या पटीत तो अर्धा कुठून येणार नाही आणि कुठे जाणारही नाही. म्हणून मिनिटं सम असतील तर कोन पूर्ण अंशांत, मिनिटं विषम असतील तर कोनाच्या शेवटी अर्धा अंश असलाच पाहिजे. सव्वातीनला पंधरा मिनिटं, विषम. मग शून्य अंश हे उत्तर पाहताक्षणीच बाद. साडेबाराला तीस मिनिटं, सम, तिथे १६७.५ आलं असेल तर कुठेतरी पाच मिनिटांची गफलत झाली. चार पर्यायांतले दोन अनेकदा या एका ताळ्याने उडतात.

आता उलट प्रश्न. तीन आणि चारच्या दरम्यान काटे एकमेकांवर नेमके कधी येतात? सव्वातीनला साडेसात अंशांची फट राहते, हे आपण पाहिलं. मिनिटकाट्याला तीनच्या ठोक्यापासून ९० अंश भरून काढायचे आहेत, मिनिटाला साडेपाच या दराने. ९० भागिले साडेपाच, १६ पूर्णांक ४/११ मिनिटं. साधारण सोळा मिनिटं बावीस सेकंद. बारा नाही, साठ नाही, मग हे अकरा कुठून आले, असं मुलं विचारतात, आणि विचारायलाच हवं. साडेपाच म्हणजे अकरा भागिले दोन, हे एक उत्तर. पण खरं उत्तर फेऱ्यांचं आहे. बारा तासांत मिनिटकाटा बारा फेऱ्या मारतो, तासकाटा एक. मिनिटकाट्याने तासकाट्याला मागे टाकलं किती वेळा? बारा वजा एक, अकरा वेळा. म्हणून काटे बारा तासांत अकरा वेळा जुळतात, दर ६५ पूर्णांक ५/११ मिनिटांनी, आणि दिवसात बावीस वेळा.

बहुतेक जण चोवीस सांगतात. दर तासाला एकदा जुळतात, हे त्यामागचं गणित. खरं तर अकरा ते बारा या तासात मिनिटकाटा तासकाट्याला गाठतो तो थेट बाराच्या ठोक्याला, आणि तोच ठोका बारा ते एकच्या तासाचाही पहिला क्षण असतो. दोन तासांच्या वाट्याला मिळून एकच भेट येते. एकदा हे ध्यानात आलं की काटकोनाचं कोडंही सुटतं. प्रत्येक तासात काटकोन दोनदा, म्हणून दिवसात अठ्ठेचाळीस, असं सांगणाऱ्याला दोन ते चारचे दोन तास घड्याळासमोर बसवावं. दोन ते तीनमधला दुसरा काटकोन बरोबर तीनच्या ठोक्याला येतो आणि तीन ते चारमधला पहिलाही तोच. तीननंतरचा काटकोन मग थेट ३२ पूर्णांक ८/११ मिनिटांनी. असाच एक काटकोन नऊच्या ठोक्यावर वाटून घेतला जातो. बारा तासांत दोन कमी, बावीस. दिवसात चव्वेचाळीस. सरळकोनाची वाटणी सहाच्या ठोक्यावर होते, म्हणून तोही बारा तासांत अकराच वेळा.

भिन्नातल्या या उत्तरांनाही ताळा आहे. काटे जुळण्याची, काटकोन होण्याची किंवा सरळ रेषेत येण्याची वेळ विचारली आणि उत्तरात छेद अकरा नसेल, तर ते पूर्णांकात तरी आलं पाहिजे, म्हणजे बारा, तीन, सहा, नऊ यांपैकी एखाद्या ठोक्यावर. 'पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी काटे जुळतात' हे उत्तर म्हणूनच संशयास्पद. खरं आहे २७ पूर्णांक ३/११. घाईत भाग अर्धवट सोडला, एवढंच.

हे झालं कागदावरचं घड्याळ. भिंतीवरचं घड्याळ इतकं इमानदार नसतं. एका शाळेच्या ऑफिसातल्या घड्याळात मला कधी वेळच नीट वाचता यायची नाही. मिनिटकाटा सहावर असला की तासकाटा जवळपास आकड्यावर टेकलेला. साडेचार वाजले की साडेतीन, असा घोळ व्हायचा. कोणीतरी सेल बदलताना किंवा काच पुसताना तासकाटा निसटला असणार आणि तो परत दाबून बसवताना अंदाजाने बसवला असणार. साडेचारला तासकाटा १३५ अंशांवर हवा. तो चारच्या आकड्याला चिकटलेला म्हणजे १२० च्या आसपास होता. पंधरा अंश कमी, मिनिटाला अर्धा अंश या दराने अर्ध्या तासाची चूक. चाकं ठीक होती, म्हणून चूक दिवसभर तेवढीच राहायची, वाढायची नाही. घड्याळ दुरुस्त करणारा यासाठी काय करतो ते सोपं आहे. तासकाटा बरोबर आकड्यावर आणि मिनिटकाटा बारावर असेल अशी वेळ साधायची आणि तेव्हाच दोन्ही काटे दाबून बसवायचे. सगळ्यात सोयीची वेळ बाराची, कारण तेव्हा दोन्ही एकमेकांवर दिसले पाहिजेत. खातरजमा सहाला करायची. काटे एका रेषेत आले नाहीत तर पुन्हा काढायचे.

याचीच दुसरी बाजू अशी की मिनिटकाटा मोडून पडला तरी घड्याळ अगदीच निकामी होत नाही. तासकाटा एकटा पूर्ण वेळ सांगतो. तो आठच्या पुढे एक तृतीयांश घर असेल, तर दहा अंश पुढे, म्हणजे वीस मिनिटं झाली, आठ वीस. अडचण फक्त डोळ्याची. एका अंशाची चूक म्हणजे दोन मिनिटांची चूक, आणि अंश-दोन अंश डोळ्याने ओळखणं हे सोपं काम नाही. मिनिटकाट्याचं काम तेवढंच, तासकाट्याने आधीच सांगितलेलं बारापट मोठं करून दाखवणं.

पुस्तिकेत नसलेली एक गोष्ट इथे सांगतो, कारण ती आपल्या जिल्ह्याची आहे. मिनिटाला किती अंश, हा हिशेब घड्याळाआधी सूर्याला लागू होता. सूर्य चोवीस तासांत ३६० अंश फिरताना दिसतो, म्हणजे तासाला १५ अंश, चार मिनिटांना एक अंश, मिनिटाला पाव अंश. तासकाटा मिनिटाला अर्धा अंश. म्हणजे तासकाटा सूर्याच्या बरोबर दुप्पट वेगाने फिरतो. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची धरली जाते, तो रेखांश उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. आपलं लोणार साडेशहात्तर अंशांच्या आसपास. फरक सहा अंशांचा, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे २४ मिनिटं. मिर्झापूरला सूर्य डोक्यावर आल्यानंतर चोवीस मिनिटांनी तो लोणारच्या सरोवरावर येतो. लोणारची खरी दुपार मनगटावर सरासरी बारा चोवीसला होते. सरासरी म्हटलं, कारण वर्षभर ती पुढेमागे होते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून आठच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्याला बारा अडतीसच्या सुमारास.

तासकाट्याचा हा दुप्पट वेग वापरून घड्याळाने दिशा काढता येते. स्काउटच्या मुलांना ही युक्ती शिकवतात: घड्याळ आडवं धरून तासकाटा सूर्याकडे करायचा, मग तासकाटा आणि बाराचा आकडा यांच्यामधला कोन दुभागायचा, तिकडे दक्षिण. दुभागायचा का? सूर्य जितका फिरला त्याच्या दुप्पट काटा फिरला म्हणून. लोणारला हे करताना बाराच्या आकड्याऐवजी त्याच्या १२ अंश पुढची जागा धरावी लागेल, कारण चोवीस मिनिटांत तासकाटा बारा अंश सरकतो. चार चोवीसला तासकाटा १३२ अंशांवर, बारा अंश वजा केले की १२०, त्याचे अर्धे ६०. सूर्य दक्षिणेपासून पश्चिमेकडे साठ अंश फिरलेला, चार तासांचे पंधरा-पंधरा अंश, बरोबर जुळतं.

मात्र ही युक्ती हिवाळ्यात करून पाहा. लोणार साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या २० तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या २३ च्या आसपास दुपारचा सूर्य तिथे थेट माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी जाते, आणि मधले दोन महिने तो दुपारी चक्क उत्तरेकडून जातो. तेव्हा सूर्य आकाशात जितका चढतो तितका दिशेत फिरत नाही, सकाळभर पूर्वेलाच राहतो आणि दुपारी काही मिनिटांत पश्चिमेला जातो. घड्याळ मग दक्षिण भलतीकडेच दाखवतं. ही युक्ती युरोपातल्या तिरप्या सूर्यासाठी ठीक, आपल्या उन्हाळ्यासाठी नाही.

पुस्तिकेबद्दल एकच सूचना लेखकांना केली आणि त्यांनी ती मानली. कोऱ्या तबकड्यांवर मुलांना काटे काढायला सांगितले आहेत, त्या तबकड्यांवर आधी फक्त बारा आकडे होते. आता प्रत्येक दोन आकड्यांच्या मधे चार बारीक रेघा आहेत. मिनिटकाट्यासाठी तर त्या लागतातच, पण तासकाट्यालाही उपयोगी पडतात. तासकाटा एका रेघेवरून पुढच्या रेघेवर जायला बारा मिनिटं घेतो. साडेतीनचा काटा काढताना मुलाला तो कुठल्याच रेघेवर ठेवता येत नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मधे ठेवावा लागतो, आणि तिथे पेन्सिल क्षणभर थांबते.

त्या मुलीने पुढे वर्षाअखेरीला आणखी एक प्रश्न आणला होता. बाराला सेकंदकाट्यासकट तिन्ही काटे एकावर एक येतात, तसे दिवसात पुन्हा केव्हा येतात? मी तेव्हा उद्या सांगतो म्हणालो. रात्री वहीवर मांडलं. बारानंतर तासकाटा आणि मिनिटकाटा पहिल्यांदा जुळतात एक वाजून ५ मिनिटं २७ पूर्णांक ३/११ सेकंदांनी. त्या वेळी ते दोघे तबकडीवरच्या पाचव्या आणि सहाव्या मिनिटाच्या रेघांमधे असतात आणि सेकंदकाटा सत्ताविसाव्या रेघेच्या पुढे. पुढच्या भेटीला तोच प्रकार, रेघा वेगळ्या. अकराही भेटी एकेक करून तपासल्या. सकाळी शाळेत गेल्यावर तिला सांगितलं, फक्त बाराला. ती म्हणाली, "मले वाटलंच होतं," आणि जागेवर जाऊन बसली.